कठड्याबाहेरचा भाऊ

संग्रहालयाच्या फोटो विभागात तिला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. अकरा वर्षं ती त्याच खोलीत, त्याच टेबलाशी, गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग घेऊन बसत होती. जुन्या चित्रांचे फोटो बघायचे, त्यात कोण कुठे उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, ते मोजून-मापून लिहायचं, हे तिचं काम. खोलीला खिडकी होती, पण उजेडाने फोटो फिके पडतात म्हणून ती कायमची बंद करून तिच्यावर काळा कागद चिकटवला होता.

संग्रहालयाचे संचालक म्हणजे साहेब. ते तिचे थोरले दीर. ऑफिसात ती त्यांना साहेब म्हणायची आणि घरी भाऊजी. घरही एकच होतं. खाली साहेब आणि जाऊबाई, वर एका खोलीत ती. नवरा गेल्यावर साहेबांनीच तिला या कामाला लावलं होतं, वरची खोली दिली होती. सकाळी त्यांच्याच गाडीत मागच्या सीटवर बसून यायचं, संध्याकाळी त्याच गाडीने परत. सकाळी घरातून निघाल्यापासून संध्याकाळी घरी परतेपर्यंत, बारा-बारा तास एकाच माणसाच्या नजरेच्या टप्प्यात. लोक म्हणत, नशीबवान आहेस, असा दीर मिळायला भाग्य लागतं. ती मान हलवायची. अकरा वर्षं मान हलवून तिला त्याची सवय झाली होती.

तिने तीनदा बदलीचा अर्ज केला होता. दुसऱ्या गावी संग्रहालयाची लहान शाखा होती. तिथे एकच कर्मचारी आणि मागच्या बाजूला राहायला दोन खोल्या. तिन्ही वेळा अर्जावर साहेबांनी एकच शेरा मारला: ‘यांच्याशिवाय विभाग चालणार नाही.’ कौतुकाचा शेरा. भांडायचं तर कौतुकाशी कसं भांडणार?

त्या वर्षी संग्रहालयाचं मोठं पुस्तक निघायचं होतं. मुखपृष्ठावर कुठलं चित्र येणार हा प्रश्नच नव्हता. तरुणपणी साहेबांचं नाव ज्या चित्रावर झालं, तेच येणार. त्याला सगळे ‘माफीचं चित्र’ म्हणत. तळहाताएवढ्या त्या लघुचित्रात एक भरलेला दरबार होता. मूळ चित्र कुणा घराण्याकडे होतं, ते कधीच परदेशी गेलं आणि मग दिसेनासं झालं. मागे राहिली ती काचेची एक निगेटिव्ह आणि तिच्यावरून काढलेला एकच काळापांढरा फोटो. त्या फोटोवर साहेबांनी लेख लिहिला होता: मध्यभागी राजा, त्याच्या उजव्या हाताला त्याचा बंडखोर धाकटा भाऊ, आणि राजा उजव्या हाताने भावाला त्याची तलवार परत देतो आहे. राजाच्या डाव्या बाजूला बसलेला दाढीवाला मंत्री हरकत घेतो आहे, पण राजाने डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवून त्याला थोपवलं आहे. थोरल्याने धाकट्याला मोठ्या मनाने माफ केलं. हा लेख शाळेच्या पुस्तकातसुद्धा गेला होता.

“तू फक्त आकृत्यांची यादी कर,” साहेब म्हणाले. “कोण कुठे, केवढा, हात कसे. माझ्या लेखाच्या मागे जोडायची. शुक्रवारी छापखान्याला पानं द्यायची आहेत. आणि जुना फोटो जरा मऊ, पुसट आलाय, निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून घे.”

मंगळवारी तिने काच पेटीतून काढली. काचेच्या निगेटिव्हला दोन बाजू असतात: एक चकचकीत, नुसती काच, दुसरी मंद, किंचित खरखरीत, तिच्यावर चित्राचा थर. थराची बाजू कुठे ठेवायची हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. स्कॅन झाला. पडद्यावर चित्र आलं आणि ती चमकली. सगळं उलटं होतं. जुन्या फोटोत बघणाऱ्याच्या डावीकडे असलेला भाऊ उजवीकडे, उजवीकडचा मंत्री डावीकडे.

“वय झालं माझं,” ती स्वतःशीच म्हणाली. काच चुकीची ठेवली असणार. उठायचा कंटाळा केला आणि संगणकावरच चित्र फिरवून जुन्या फोटोसारखं करून घेतलं. मग कामाला लागली.

पारदर्शक कागदावर तिने एकेका आकृतीला नंबर दिला. चोवीस माणसं. चित्रात वर, जाळीच्या झरोक्यात तीन बायका. खाली मोकळा चौक. राजाच्या बैठकीभोवती ठेंगणा कठडा. कठड्याच्या आत फक्त सहाजण, बाकी सगळे बाहेर. अशा चित्रांत लांबचा माणूस लहान आणि जवळचा मोठा असा हिशेब नसतो. कागदावर वर असेल तो लांबचा, खाली असेल तो जवळचा. पण आकार ठरतो तो मानावरून. राजा बसलेला असूनही त्याचं डोकं उभ्या माणसांच्या वर जातं. चवरी ढाळणारा त्याच्या अगदी पाठीशी असतो, तरी त्याला लहानच काढतात, कारण जवळ असणं वेगळं आणि मोठं असणं वेगळं.

तिने पट्टी लावली. राजाचा चेहरा हनुवटीपासून पागोट्याच्या कडेपर्यंत सात मिलिमीटर. मंत्र्याचा सहा. कठड्यातल्या सरदारांचे साडेपाच. बाहेर भावाच्या मागे काठ्या घेऊन उभे असलेले दोन चोपदार पाच. आणि भाऊ?

साडेचार.

तिने पुन्हा मोजलं. साडेचारच.

साहेबांच्या लेखात याचं उत्तर होतं: भाऊ नम्रतेने वाकला आहे, म्हणून लहान दिसतो. पण वाकल्याने माणसाची उंची कमी होते. चेहरा कसा आखडेल? राजाचा सख्खा भाऊ, ज्याला आत्ता माफी मिळते आहे, तो उभ्या माणसांत कागदावर सगळ्यात खाली, म्हणजे बघणाऱ्याच्या सगळ्यात जवळ उभा, आणि चित्रकाराने त्याला चोपदारापेक्षा छोटं तोंड दिलंय. शिवाय तो कठड्याच्या बाहेर होता. पाय बाहेर, फक्त दोन्ही हात कठड्यावरून आत, तळव्यांवर आडवी तलवार.

मग ती हात बघायला लागली. दरबारात उभ्या माणसाचे हात कुठे असतात हे ठरलेलं असतं: पोटाशी, एकावर एक. मुजरा करणाऱ्याचा हात कपाळाशी. चकित झालेल्याचं बोट ओठाशी. बोलणाऱ्याचा तळवा पुढे. तिने यादी केली. सोळा जणांचे हात पोटाशी. एका म्हाताऱ्या सरदाराचं बोट ओठाशी. दोघा चोपदारांच्या एका-एका हातात काठी. आणि दुसरा हात? भिंगाखाली तिने तो शोधला. दुसरा हात भावाच्या कोपरामागे गेला होता. दोघांचाही. जुन्या मऊ फोटोत तिथे नुसती सावली दिसत होती, नव्या स्कॅनमध्ये बोटं दिसत होती.

माफी मिळालेल्या माणसाची कोपरं कुणी धरत नाही.

ती पाणी प्यायली. मग खालच्या कोपऱ्यातला कारकून बघितला. मांडी घालून बसलेला, गुडघ्यावर कागद, दरबारात काय घडतं ते टिपून घेतोय. जुन्या फोटोत त्याचा हात म्हणजे एक डाग होता. आता लेखणीसकट दिसत होता. तो डाव्या हाताने लिहीत होता.

“असेल बापडा डावखुरा,” ती म्हणाली. पण मग तिने सरदारांच्या कमरा बघितल्या. उजव्या हाताने उपसता यावी म्हणून तलवार डाव्या बाजूला लटकते. इथे ज्याची-ज्याची तलवार दिसत होती, ती उजव्या बाजूला होती. अकराच्या अकरा.

सगळा दरबारच डावखुरा कसा असेल? तिला हसू आलं आणि ते अर्ध्यातच विरलं. तिने काच चुकीची ठेवलीच नव्हती. चुकीचा होता तो जुना फोटो.

तिने पडद्यावरचं चित्र परत फिरवलं. कारकुनाच्या उजव्या हातात लेखणी आली, तलवारी डाव्या कमरेला गेल्या. आणि राजाचे दोन्ही हात बदलले. मंत्री राजाच्या उजव्या बाजूला होता, मानाच्या जागी, आणि राजाचा उजवा हात त्याच्या खांद्यावर होता. थोपवण्यासाठी नव्हे, आपला माणूस म्हणून. धाकट्या भावाकडे राजाने केला होता तो डावा हात. मान म्हणून काही द्यायचं असतं तर कुठला राजा डावा हात पुढे करेल? तो देत नव्हता. घेत होता. भाऊ दोन्ही हातांनी तलवार सोपवत होता, मुठीची बाजू राजाकडे करून, आणि मागे दोघांनी त्याची कोपरं धरली होती.

विभागातले जुने फोटोग्राफर निवृत्त होऊन घरी होते. सगळे त्यांना काका म्हणत. तिने फोन लावला.

“काका, तो दरबाराचा फोटो तुम्ही काढलात ना काचेवरून?”

“छे गं. मी तेव्हा रजेवर होतो. साहेबांना दुसऱ्या दिवशी भाषणाला हवा होता. त्यांनी स्वतःच अंधाऱ्या खोलीत शिरून काढला. का, काय झालं?”

“थराची बाजू कागदाकडे नसेल तर फोटो मऊ येतो ना?”

“मऊ येतो आणि उलटा येतो,” काका म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. “अगं बाई.”

“हं.”

“मी तुला काही सांगितलेलं नाही,” म्हणून काकांनी फोन ठेवला.

बुधवारी दुपारी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, यादी ठेवली. साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या असायच्या, पण त्यांच्यासमोर बसायची पद्धत नव्हती. ती उभी राहून बोलली. कारकून, तलवारी, चेहऱ्यांची मापं, चोपदारांची बोटं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपले हात पोटाशी एकावर एक आहेत. तिने ते सोडले, आणि मग ते कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

साहेबांनी स्वतःचं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. ते मूर्ख नव्हते. जे तिला दिसलं ते त्यांना दिसायला पाच मिनिटंही लागली नाहीत. कानाच्या पाळ्या लाल झाल्या तेवढंच.

“आणखी कुणाला दाखवलंस?”

“नाही.”

त्यांनी खण उघडला. तिचा तिसरा अर्ज काढला आणि टेबलावर सपाट केला. “शाखेची जागा अजून रिकामी आहे,” ते म्हणाले. “मी म्हणत होतो, तुझी इच्छा आहे तर अडवण्यात अर्थ नाही. पुढच्या महिन्यापासून जा. स्वतंत्र राहशील.” टोपण काढून त्यांनी पेन अर्जाच्या शेजारी ठेवलं. “यादीत नुसते नंबर आणि कपडे दे. मापं, हात, हे सगळं वाचकाला बोजड होतं. आणि चित्र आहे तसंच राहू दे. लोकांना ते तसंच माहीत आहे. शुक्रवारी पानं दिलीस की मी सही करतो.”

ती केबिनच्या दाराशी पोचली तेव्हा ते मागून म्हणाले, “मी तुमच्यासाठी जे केलं ते तू विसरणार नाहीस, माहीत आहे मला.”

‘तुमच्यासाठी’ म्हणजे तिच्या आणि तिच्या नवऱ्यासाठी. ही घरातली जुनी गोष्ट होती. तिचा नवरा, साहेबांचा धाकटा भाऊ, थोरल्याशी भांडून घराबाहेर पडला होता. साइनबोर्ड रंगवायचा. पाच वर्षं दोघांनी एका भाड्याच्या खोलीत काढली, आणि ती वर्षं आठवली की अजूनही तिच्या चेहऱ्यावर उजेड यायचा. मग त्याची फुप्फुसं गेली. थोरल्याने सगळं विसरून त्याला घरात घेतलं, असं सगळे सांगत. साहेबही सांगत. तीसुद्धा सांगायची. घरात पाऊल ठेवायच्या आधी त्याचे ब्रश आणि रंगांचे डबे त्याच्याच हातून फाटकाबाहेर ठेवून घेतले होते, ते मात्र कुणी सांगत नसे. रंगाच्या वासाने त्याला त्रास होईल म्हणून, असं म्हणाले होते भाऊजी. तेव्हा ते पटलंही होतं.

गुरुवारी तिने रजा घेतली. डोकं दुखतंय म्हणाली आणि वरच्या खोलीत बसून राहिली. यादीचे दोन मसुदे केले. एक नंबर आणि कपड्यांचा, अर्ध्या पानाचा. एक पूर्ण. पहिला दिला तर दोन खोल्या, स्वतःचं दार, स्वतःची किल्ली. दुसरा दिला तर हा जिना, ही गाडी, ती काळ्या कागदाची खिडकी, आणि आता तर साहेबांचा राग. त्याहून वाईट हे की पहिला दिला तरी सुटका नव्हतीच. त्या दुसऱ्या गावीही ती त्यांच्याच सहीने गेलेली असणार, आणि मुखपृष्ठावर तो डावखुरा दरबार जन्मभर तिच्याकडे बघणार. तिला उठून कुठेतरी जावंसं वाटलं. खोलीत चालायला सात पावलं होती.

दुपारी जाऊबाई जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा चढत नसत. हातात ताट होतं.

“खाऊन घे. डोकं उपाशीपोटी आणखी दुखतं.” ताट ठेवताना त्यांची नजर फोटोंवर गेली. “हे काय, यांचं माफीचं चित्र? दोन कशी?”

“एक उलटं आहे, ताई.”

“खरं कुठलं?”

तिने बोट ठेवलं. जाऊबाईंनी फोटो उचलला, खिडकीपाशी नेला. अडतीस वर्षं त्यांनी हे चित्र दिवाणखान्यात चौकटीत बघितलं होतं, तरी जणू पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघत राहिल्या.

“भिंग दे बघू.” भिंग लावून त्या राजाच्या तोंडावर थांबल्या. “हा त्याच्याकडे बघत नाहीये गं.”

“कोण?”

“राजा. भावाकडे तोंड आहे, पण नजर डोक्यावरून चालली आहे. बुबुळ बघ कुठे आहे. समोर माणूस उभा आहे आणि हा त्याच्या मागच्या भिंतीशी बोलतोय.” त्यांनी भिंग खाली केलं. “ही नजर मला चांगली माहीत आहे.”

ती उठून त्यांच्याशेजारी गेली. खरंच होतं. मापं घेण्याच्या नादात तिने डोळे बघितलेच नव्हते. भाऊ राजाकडे बघत होता, सगळा दरबार राजाकडे बघत होता, आणि राजा कुणाकडेच बघत नव्हता.

“आणि या वर?” जाऊबाईंनी झरोक्यातल्या तिघींवर बोट ठेवलं. “या मध्ये का पडत नाहीत?”

“जाळीमागे आहेत, ताई. त्यांना फक्त दिसतं.”

“तेच म्हणते,” जाऊबाई म्हणाल्या. “दिसतं ना सगळं.” मग त्या फोटो ठेवून, कठड्याला धरून, एकेक पायरी खाली गेल्या.

तिने पूर्ण मसुदा स्वच्छ लिहून काढला. चोवीस आकृत्या, चेहऱ्यांची मापं, कोण कठड्याच्या आत, कोण बाहेर. चोपदारांचे हात कुठे आहेत. राजाचा कुठला हात कुणाकडे आहे. शेवटी राजाच्या नजरेची एक ओळ. आणि हे भरीला: ‘आधीचा फोटो काच उलटी ठेवून काढला गेल्याने चित्राच्या दोन्ही बाजू बदलल्या होत्या.’ कुणी काढला ते तिने लिहिलं नाही. ‘माफी’ हा शब्द कुठेही वापरला नाही, ‘अटक’ हाही नाही. जे दिसतं तेवढंच लिहिलं. खाली स्वतःचं नाव घातलं.

शुक्रवारी सकाळी ती गाडीने गेली नाही. चालत गेली, तासभर आधी निघाली. सरळ फोटोसकट पानांचा एक संच छापखान्याच्या माणसाच्या हातात दिला आणि दुसरा साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब आले तेव्हा ती तिथेच होती.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. नजरेच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“हे कुणी बघितलं?”

“ताईंनी.”

साहेबांनी वर बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते सरळ तिच्या डोळ्यांत बघत होते, आणि ते तिला सहन होईना, पण तिने मान खाली घातली नाही.

“अर्ज घेऊन जा,” एवढंच ते म्हणाले. अर्ज सहीशिवाय होता.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर दरबार सरळ होता. साहेबांचा लेख त्यात नव्हता. तो त्यांनी स्वतःच काढून घेतला होता, छापखान्याला फोन करून. फिरवलेला दरबार बाहेरच्या फारशा कुणाच्या लक्षातही आला नाही. दोन महिने साहेब तिच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत, चिठ्ठ्या पाठवायचे. ती रोज चालत जायची. शाखेची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. वरची खोली तीच राहिली, सात पावलांची.

पावणेतीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी खाली जेवायला तिघं बसली होती. जाऊबाई वाढत होत्या. साहेबांनी पोळीचा तुकडा हातातच ठेवला आणि ताटाकडे बघत विचारलं, “त्या भावाचं पुढे काय झालं असेल?”

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही की प्रश्न कुणाला आहे.

“चित्रात पुढचं नसतं, भाऊजी,” ती म्हणाली.

“तरी. तू इतकं मोजलंस.”

तिने विचार केला. “भावाच्या मागे चौकात दोन दारं काढली आहेत. दोन्ही बंद आहेत.”

साहेबांनी मान हलवली. पोळीचा तुकडा परत ताटात ठेवला. मग म्हणाले, “त्याचे डबे मी फेकले नव्हते. माळ्यावर आहेत. वाळून दगड झाले असतील.”

जाऊबाईंचा हात भाजीच्या भांड्यावर थांबला. तिने जेवण संपवलं, ताट घासायला ठेवलं, आणि माळ्याची शिडी कुठे असते ते विचारून घेतलं.